काउंटरमागचा फ्रिज आणि पहाटेचा गारठा

कर्नाटकाच्या अगदी उत्तर टोकाला, पठारावर बिदर जिल्हा आहे. डिसेंबर-जानेवारीत राज्यातल्या सर्वांत थंड गावांची यादी वर्तमानपत्रात येते, तेव्हा त्यात बिदरचं नाव वरचेवर असतं. पहाटे पारा दहा अंशांखाली उतरतो. मे महिन्यात त्याच पठारावर तो चाळिशी गाठतो. चिटगुप्पा याच जिल्ह्यातलं. पूर्वी ते हुमनाबाद तालुक्यात होतं, २०१८ पासून स्वतः तालुक्याचं ठिकाण झालं. दक्षिणेला थोडं गेलं की कलबुर्गी जिल्ह्याची हद्द लागते. दुकानांच्या पाट्या कन्नडमध्ये आहेत, पण मेडिकलच्या काउंटरवर कन्नड, दखनी, मराठी, तेलुगू अशा चारही भाषा चालतात. गिऱ्हाईक ज्या भाषेत विचारेल त्या भाषेत उत्तर मिळतं.

यातला सर्वांत जुना प्रश्न असतो, ‘अण्णा, टीटी आहे का?’ शेतात खिळा रुतलेला असतो, विळा लागलेला असतो, नाहीतर दुचाकीवरून पडून गुडघा फुटलेला असतो. दुकानदार मागे वळतो, फ्रिज उघडतो, एक छोटी काचेची ॲम्प्यूल काढून देतो. गिऱ्हाईक ती घेऊन जवळच्या दवाखान्यात जातं आणि टोचून घेतं. त्याच फ्रिजमध्ये हिपॅटायटीस बीची लस असते, कुत्रा चावल्यावर द्यायची रेबीजची लस असते, बालरोगतज्ज्ञांनी सांगून ठेवलेल्या एक-दोन महागड्या लशी असतात, आणि रोजच्या विक्रीचं इन्सुलिन असतं. नेहमीच्या औषधांसाठी दुकानाला नमुना २० चा परवाना लागतो. लशींसारख्या जैविक औषधांसाठी त्याच्या जोडीला नमुना २१ चा. प्रत्येक खोक्यावर दोन सूचना छापलेल्या असतात: २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवा, आणि गोठवू नका.

पहिली सूचना सगळ्यांच्या लक्षात राहते, दुसरी राहत नाही. या उन्हाच्या मुलखात लस म्हटलं की मनात धास्ती येते ती उष्णतेची. करंट गेला की दुकानदाराचं लक्ष पहिल्यांदा फ्रिजकडे जातं. या धास्तीपायी डायल वाढवली जाते, बर्फ लावला जातो, लस फ्रीझरच्या जवळ सरकवली जाते. आणि या फ्रिजमधल्या बहुतेक लशींचं खरं नुकसान होतं ते थंडीने. हा लेख त्या दुसऱ्या सूचनेबद्दल आहे.

दहा राज्यांतल्या पेट्या

डॉ. मनोज मुऱ्हेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या दहा राज्यांत एक सोपा पण चिकाटीचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी लहान पेट्या तयार केल्या. प्रत्येक पेटीत तापमान नोंदवणारं एक इलेक्ट्रॉनिक यंत्र आणि त्रिगुणी लशीच्या, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लशीच्या, दोन कुप्या होत्या. या पेट्या राज्याच्या किंवा विभागाच्या लस भांडारात ठेवल्या आणि तिथून काही पेट्या नेहमीच्या साठ्यासारख्याच जिल्ह्यामार्गे शेवटच्या आरोग्य केंद्रांपर्यंत पाठवल्या.

पेट्या परत आल्यावर जे दिसलं ते विचार करायला लावणारं होतं. राज्याच्या भांडारात पेटी शून्याखाली गेली ती एकूण साठवणकाळाच्या १.५ टक्के वेळ. जिल्हा भांडारात हे प्रमाण ०.६ टक्के होतं. सर्वांत शेवटच्या केंद्रात मात्र ते १०.५ टक्के झालं. आठ अंशांच्या वरचा काळही होता, आणि तो सगळ्याच पातळ्यांवर होता. शेवटच्या केंद्रात १४.७ टक्के. पण उष्णता राज्याच्या आणि गावच्या पातळीवर जवळजवळ सारखीच होती, गोठण मात्र मोठ्या भांडारापासून लांब गेल्यावर कित्येक पट वाढलं. शेवटी कुप्यांची तपासणी झाली तेव्हा दोन तृतीयांश कुप्यांमध्ये गोठल्याच्या खुणा सापडल्या.

ही सरकारी यंत्रणेची स्थिती होती. तिथे लशींसाठी खास बनवलेला फ्रिज असतो, म्हणजे आयएलआर. त्याच्या भिंतींत बर्फाचा थर असतो, झाकण वरच्या बाजूने उघडतं आणि दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी तो तापमान टिकवतो. तिथेही चूक घडते: जानेवारी २०२१ मध्ये, कोविड लसीकरण नुकतंच सुरू झालं असताना, आसामातल्या सिलचर वैद्यकीय महाविद्यालयात कोव्हिशील्डच्या हजार डोसांचा साठा गोठलेल्या अवस्थेत सापडला. तरी सरकारी केंद्रांवर लक्ष ठेवायला तापमान कळवणारी यंत्रं मोठ्या प्रमाणावर बसवलेली आहेत. मेडिकल दुकानात घरगुती फ्रिज असतो, आणि त्यावर लक्ष ठेवणारा एकच माणूस असतो. रात्री तोही घरी जातो.

गोठल्यावर आत काय होतं

टीटी, टीडी, हिपॅटायटीस बी, पेंटाव्हॅलंट, न्यूमोनियाची पीसीव्ही, एचपीव्ही या लशींमध्ये ॲल्युमिनियमच्या क्षाराचे अतिशय बारीक कण असतात. लशीचा खरा उपयोगी भाग, म्हणजे शरीराला ओळख करून देणारा प्रतिजन, या कणांना चिकटलेला असतो. कुपी हलवली की द्रव दुधाळ दिसतो तो याच कणांमुळे. लस गोठली की पाण्याचे स्फटिक तयार होतात आणि हे कण त्यांच्या फटींत दाटीवाटीने दाबले जातात. ते एकमेकांना चिकटून मोठे गोळे होतात. बर्फ वितळला तरी ते गोळे सुटत नाहीत, आणि लशीची ताकद पुन्हा येत नाही.

हिपॅटायटीस बीची लस उणे अर्धा अंशाला गोठू शकते. धनुर्वाताच्या लशीला त्याहून जास्त थंडी लागते. पण यावर भरवसा ठेवून चालत नाही, कारण द्रव कधी कधी गोठणबिंदूच्या बराच खाली जाऊनही द्रवच राहतो आणि एखाद्या धक्क्याने, फ्रिजचं दार आपटल्यानेही, क्षणात गोठतो. म्हणून शेजारशेजारच्या दोन कुप्यांपैकी एक बिघडलेली आणि एक चांगली असू शकते.

रेबीजची लस भुकटीच्या रूपात येते, म्हणून तिची भुकटी थंडीला तेवढी नाजूक नसते. तिच्यासोबत येणारी पाण्याची ॲम्प्यूल मात्र गोठली तर तडकू शकते, आणि खोक्यावरची ‘गोठवू नका’ ही सूचना त्यासाठीही आहे. गोवर-रुबेलासारख्या जिवंत विषाणूंच्या लशींचं गणित उलटं असतं. त्यांना उष्णता आणि उजेड जास्त बाधतो. पण चिटगुप्प्यासारख्या ठिकाणी काउंटरवरून सर्वाधिक खपणाऱ्या लशी थंडीला घाबरणाऱ्या आहेत.

सरकारी कुप्यांवर एक छोटी खूण असते, व्हीव्हीएम. जांभळट वर्तुळात फिकट चौकोन. पोलिओच्या तोंडी लशीवर ती १९९६ पासून आली. उष्णता साचत जाईल तसा चौकोन गडद होत जातो, आणि तो वर्तुळाइतका गडद झाला की कुपी बाद. ही खूण उपयोगाची आहे, पण ती फक्त उष्णता मोजते. रात्रभर गोठलेल्या कुपीवरही ती सकाळी छान फिकटच दिसते. खुल्या बाजारातल्या बऱ्याच कुप्यांवर ती नसतेही.

डायल काय सांगते

एका दाराच्या घरगुती फ्रिजमध्ये वर एक बर्फाचा कप्पा असतो आणि एक डायल असते, १ ते ७ असे आकडे असलेली. हे आकडे अंश नव्हेत. डायलला जोडलेली बारीक नळी बर्फाच्या कप्प्याच्या धातूला चिकटवलेली असते. ती त्या धातूचं तापमान पाहते. तुमच्या लशीभोवतीच्या हवेचं नाही. धातू ठरावीक थंड झाला की कॉम्प्रेसर थांबतो, तापला की सुरू होतो.

खालच्या कप्प्यांचं तापमान ठरतं ते दोन गोष्टींच्या ओढाताणीतून: वरच्या धातूची थंडी आणि भिंतींतून, दारातून आत झिरपणारी बाहेरची उष्णता. मे महिन्यात बाहेर ३८ अंश असतात, उष्णता भरपूर झिरपते, दारही शंभरदा उघडतं. तेव्हा डायल ६ वर नेल्याशिवाय मधला कप्पा ५ अंशांवर येत नाही. मग डायल ६ वर राहते. जून जातो, दसरा जातो, दिवाळी जाते. डिसेंबरच्या पहाटे दुकानात १४ अंश असतात, दार रात्री नऊपासून उघडलेलं नसतं, आत झिरपणारी उष्णता निम्म्याहून कमी झालेली असते. धातू मात्र अजून सहाव्या आकड्याइतकाच थंड ठेवला जातोय. आता वरचा कप्पा हळूहळू धातूच्या थंडीकडे सरकतो आणि शून्याखाली जातो. कुणीही काही चुकीचं केलेलं नसतं. फक्त ऋतू बदललेला असतो.

त्यामुळे लशींची जागा ठरवताना पहिली गोष्ट म्हणजे बर्फाच्या कप्प्याच्या थेट खाली आणि मागच्या भिंतीला टेकवून काहीही ठेवायचं नाही. दारातल्या खणात नाही, कारण तिथे उष्णता आणि थंडी दोन्ही सारख्या हेलकावतात. तळाच्या भाजीच्या खोक्यात नाही. लशी मधल्या कप्प्यांत, मूळ खोक्यांतच, भोवती हवा खेळेल एवढी फट ठेवून. दारात आणि तळाशी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. या बाटल्यांवर ‘पिऊ नये’ असं लिहून ठेवावं, नाहीतर उन्हाळ्यात त्या एकेक करून रिकाम्या होतात. त्यांचं काम पुढे येणार आहे. आणि हा फ्रिज लशींचा आणि औषधांचाच असावा. त्यात डबा, दूध, कोल्ड्रिंक नको.

नोंदवही: सकाळचा आकडा फसवा असतो

सरकारी केंद्रांत दिवसातून दोनदा, रविवारी आणि सुटीच्या दिवशीही, तापमान लिहायचा नियम आहे. मेडिकल दुकानातही अशी वही असते, निदान असायला हवी. पण वहीत काय लिहिलं जातं, त्यावर सगळं अवलंबून आहे.

डिसेंबरमधली एक सकाळ समजा. दुकानदार साडेनऊला येतो. फ्रिजच्या दारावर लावलेल्या थर्मामीटरच्या पडद्यावर ४.१ दिसतं. तो वहीत ४.१ लिहितो आणि कामाला लागतो. संध्याकाळी ५.६ लिहितो. महिनाभर वही अशीच चालते, सगळे आकडे २ ते ८ च्या आत. औषध निरीक्षक आले तरी वही नीट दिसेल. आणि त्याच रात्रींत मधला कप्पा उणे एक अंशावर गेलेला असू शकतो. कारण आकडा वाचला गेला तो सूर्य वर आल्यावर, दुकान गरम झाल्यावर, बहुतेकदा दार एकदा उघडल्यावर.

म्हणून थर्मामीटर किमान-कमाल दाखवणारा लागतो: गेल्या वेळी बटण दाबल्यापासून सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान किती झालं, हे तो लक्षात ठेवतो. वहीत एकाऐवजी तीन आकडे येतात. त्याच सकाळची नोंद आता अशी होईल: आत्ता ४.१, किमान उणे १.२, कमाल ७.४. आकडे लिहून झाले की बटण दाबून जुनी स्मृती पुसायची. हे विसरलं तर कालचाच किमान आकडा आज, उद्या आणि परवाही दिसत राहतो आणि वही पुन्हा निरर्थक होते.

थर्मामीटरची तार कुठे सोडली, हेही महत्त्वाचं. तारेचं टोक नुसतं हवेत लटकलं तर दार उघडताच आकडा उडी मारतो, आणि कॉम्प्रेसर चालू-बंद होताना वरखाली होतो. लस एवढ्या झटपट बदलत नाही, ती द्रव आहे. म्हणून टोक ग्लायकॉलच्या छोट्या बाटलीत बुडवतात आणि ती बाटली लशींच्या मधोमध ठेवतात. मग आकडा हवेचा न राहता लशीच्या जवळपासचा होतो. उणे १.२ हा आकडा अशा बाटलीतून आला असेल, तर तो क्षणभराचा झोत नव्हे. लशीही तेवढ्याच थंड झाल्या असं धरावं लागतं.

थर्मामीटर खरं सांगतो की नाही, हे दुकानातच तपासता येतं. थर्मासमध्ये ठेचलेला बर्फ गच्च भरायचा, फटी भरतील एवढंच थंड पाणी घालायचं, ढवळायचं, आणि तारेचं टोक मधोमध सोडून काही मिनिटं थांबायचं. वितळत्या बर्फाचं तापमान शून्य अंश असतं. पडद्यावर ०.८ आलं, तर हा थर्मामीटर ०.८ ने जास्त दाखवतो. मग त्याचा ‘२’ म्हणजे खरे १.२. हा फरक कागदावर लिहून फ्रिजच्या दाराला चिकटवायचा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचा.

किमान-कमाल आकडा एक गोष्ट सांगत नाही: किती वेळ. उणे १.२ पाच मिनिटं होतं की पाच तास, हे कळायला डेटा लॉगर लागतो. अमेरिकेच्या सीडीसीची शिफारस आहे की लॉगरने निदान दर तीस मिनिटांना एक नोंद करावी. ज्या दुकानात बालरोगतज्ज्ञांच्या महागड्या लशी राहतात, तिथे लॉगर घेणं एका बिघडलेल्या खोक्याच्या तुलनेत स्वस्त पडतं.

आता उणे १.२ दिसल्यावर काय करायचं? डायल एकदम ६ वरून २ वर आणायची नाही. अर्धा ते एक आकडा खाली आणून चोवीस तास थांबायचं, कारण फ्रिज स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. दुसऱ्या सकाळी किमान ०.४ आलं, तर आणखी एक आकडा खाली. तिसऱ्या सकाळी १.९. आणखी अर्धा. चौथ्या सकाळी किमान ३.१ आणि कमाल ६.८. इथे थांबायचं. डायलचा नवा आकडा आणि तारीख वहीत लिहायची. निशाणा ५ अंशांच्या आसपासचा, दोन्ही बाजूंना मोकळीक राहील असा. या चार दिवसांत फ्रिजमधला जुना साठा वेगळा काढून ठेवायचा. त्याचं काय करायचं, ते पुढे येतंय.

करंट गेल्यावर

एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वादळ येतं, फांद्या तारांवर पडतात, आणि वीज दोन तास जाते की रात्रभर, हे कुणालाच सांगता येत नाही. समजा संध्याकाळी सव्वासहाला करंट गेला. पडद्यावर ५.२.

पहिलं काम शेजारी डोकावायचं. सगळ्या गल्लीत गेला की फक्त आपल्याकडे? आपल्याकडेच गेला असेल तर स्टॅबिलायझर, एमसीबी आणि प्लग पाहायचा. २०२१ च्या जानेवारीत बोस्टनमधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात कोविड लशीचे सुमारे १,९०० डोस वाया गेले, कारण साफसफाई करताना फ्रीझरचा प्लग सैल झाला होता आणि धोक्याचा इशाराही कुणाला मिळाला नाही. मोबाइल चार्ज करायला फ्रिजचा प्लग काढणं हे आपल्याकडेही होतं. त्या स्विचवर टेप लावून ‘बंद करू नये’ लिहिण्याला काही खर्च येत नाही.

दुसरं काम: दार उघडायचं नाही. वेळ आणि आकडा वहीत लिहायचा, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी बाहेरच्या पडद्यावरचा आकडा लिहीत राहायचं. इन्सुलिन मागायला कुणी आलं तर थोडं थांबायला सांगावं, किंवा दुसऱ्या दुकानाचा पत्ता द्यावा.

आता त्या पाण्याच्या बाटल्यांचा हिशेब करू. बाहेर ३८ अंश असताना एका मध्यम घरगुती फ्रिजमध्ये साधारण ४० वॅटच्या दिव्याएवढी उष्णता झिरपते असं धरू. दहा लिटर पाणी ४ अंशांवरून ८ अंशांवर येताना सुमारे १६८ किलोज्यूल उष्णता शोषतं. ४० वॅटच्या हिशेबाने ही सत्तर मिनिटं झाली. म्हणजे दहा बाटल्यांनी तासाभराहून थोडी जास्त उसंत मिळते, तीही दार बंद असेल तर. एक किलो बर्फ नुसता वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो, म्हणजे दहा लिटर पाण्याच्या दुप्पट. आयएलआरच्या भिंतीत बर्फ का असतो, ते यावरून कळतं. घरगुती फ्रिजमध्येही बर्फाच्या कप्प्यात आइस पॅक गोठवून ठेवावेत. करंट गेल्यावर ते तिथेच वितळत राहतात आणि खालची थंडी टिकवतात. ते काढून लशींवर मात्र ठेवायचे नाहीत.

सातला आकडा ६.१. पावणेआठला ६.९. इथे निर्णय घ्यायचा असतो. आठ होईपर्यंत वाट पाहिली तर हलवायची तयारी होईपर्यंत आठ ओलांडले जातात. त्यामुळे ‘७ झाले की हलवायचं’ असा नियम आधीच ठरवलेला बरा. कुठे हलवायचं, हेही आधीच ठरलेलं हवं: जनरेटर असलेलं दुसरं दुकान, एखादा दवाखाना, किंवा आयएलआर असलेलं सरकारी रुग्णालय. त्यांच्याशी आधी बोलून, फोन नंबर फ्रिजवर लावून. त्या रात्री अंधारात नव्याने ओळख काढत बसता येत नाही.

गावातल्या गावात, अर्ध्या तासाच्या अंतरावर न्यायचं असेल तर सर्वांत सुरक्षित वस्तू फ्रिजमध्येच आहे: त्या थंड पाण्याच्या बाटल्या. त्या ७ अंशांच्या आहेत. त्या लशीला गोठवूच शकत नाहीत. लशींचे खोके प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी थर्माकोलच्या जाड पेटीत, भोवती बाटल्या, मध्ये थर्मामीटरची तार. झाकण घट्ट.

लांब जायचं असेल, हुमनाबादला किंवा बिदरला, तर आइस पॅक लागतात. इथेच सर्वांत मोठी चूक होते. फ्रीझरमधून काढलेला पॅक उणे पंधरा-अठरा अंशांचा असू शकतो. तो टीटीच्या खोक्याला टेकला तर वाटेतच लस गोठते, आणि पोचल्यावर हातात थंडगार, छान दिसणारी, निकामी लस असते. म्हणून पॅक आधी बाहेर ठेवायचे. त्यांच्यावर पाण्याचे थेंब जमतात, आणि हलवून कानाशी धरल्यावर आत पाणी खळखळतं. ते खळखळलं की समजायचं, पॅकमध्ये बर्फ आणि पाणी दोन्ही आहे, म्हणजे तो शून्य अंशावर आलाय आणि पूर्ण वितळेपर्यंत शून्यावरच राहील. एवढं झाल्यावर तो लशीजवळ ठेवायचा, तोही मध्ये पुठ्ठा घालून. उन्हाळ्यात याला अर्धा-पाऊण तास लागू शकतो, हिवाळ्यात त्याहून जास्त. म्हणूनच सातचा आकडा: वाट पाहण्याचा हा वेळ आधी धरावा लागतो. आणि हे पॅक एका दाराच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यातच असले, तर ते काढायला मुख्य दार उघडावं लागतं. हलवण्यासाठीचे पॅक घरच्या फ्रीझरमध्ये किंवा शेजारच्या आइस्क्रीमच्या दुकानात ठेवलेले बरे.

गिऱ्हाइकालाही हेच लागू होतं. एक ॲम्प्यूल घेऊन दवाखान्यात जाणाऱ्या माणसाला दुकानदार मायेने बर्फाचे खडे टाकलेली पिशवी देतो. फ्रीझरमधून नुकताच काढलेला खडा लशीच्या काचेला टेकतो. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरासाठी त्याऐवजी फ्रिजमधली पाण्याची छोटी बाटली आणि खोक्यातली लस, दोन्ही कागदात गुंडाळून दिली तर चालतं. ‘थेट दवाखान्यात जा, वाटेत थांबू नका’ हे सांगणं बर्फापेक्षा जास्त उपयोगी आहे.

इन्व्हर्टर असला तर ही धावपळ बरीच टळते. पण तो शुद्ध साइन वेव्हचा हवा; स्वस्त चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्रेसर तापतो. आणि कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो, तेवढा झटका सोसेल एवढी क्षमता हवी. एकदा मुद्दाम मेन बंद करून, दुकान उघडं असताना, तो खरंच फ्रिज ओढतो का, हे तपासून पाहावं.

परत आल्यावर: टाकायचं नाही, विकायचंही नाही

रात्री अकराला करंट आला. फ्रिज लगेच थंड होत नाही. आकडा २ ते ८ मध्ये येऊन तासभर स्थिर राहिल्यावर लशी परत ठेवायच्या. वहीत लिहायचं: करंट कधी गेला, कधी आला, सर्वांत जास्त आकडा किती, आठच्या वर किती मिनिटं, कोणत्या लशी, कोणते बॅच क्रमांक.

मर्यादा ओलांडली गेली असेल तर त्या लशी एका वेगळ्या पिशवीत, ‘निर्णय होईपर्यंत विकू नये’ अशा चिठ्ठीसह, फ्रिजमध्येच ठेवायच्या. बाहेर काढून ठेवल्या तर त्या आणखी बिघडतील. मग वितरकामार्फत उत्पादकाला फोन करून आकडे सांगायचे. काही लशी थोडा वेळ आठच्या वर राहिल्या तरी वापरता येतात, काही येत नाहीत. ते उत्पादकाकडच्या माहितीवरूनच ठरतं. त्यासाठीच किती अंश आणि किती मिनिटं हे दोन्ही आकडे लागतात. शून्याखाली गेलेल्या ॲल्युमिनियमच्या लशींना मात्र अशी सूट नसते. बर्फाचा खडा दिसला तर कसलीही चाचणी न करता ती लस बाद.

गोठल्याचा संशय आहे पण बर्फ दिसत नाही, अशा वेळी शेक टेस्ट करतात. त्याच लशीची, त्याच उत्पादकाची, त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम फ्रीझरमध्ये रात्रभर गोठवायची आणि सकाळी सावलीत वितळू द्यायची. ही झाली बिघडलेली नमुना कुपी. ती आणि संशयित कुपी एका हातात धरून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवायची, मग सपाट जागेवर शेजारी ठेवून अर्धा तास पाहायचं. बिघडलेल्या कुपीत गाळ भरभर खाली बसतो आणि वरचं पाणी निवळतं. संशयित कुपीतला गाळ तेवढ्याच वेगाने बसला तर तीही गोठली होती. सावकाश बसला तर ती चांगली. उमित कार्टोग्लू आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ही चाचणी सूक्ष्मदर्शकाशी ताडून पाहिली आणि ती विश्वासार्ह ठरली. पण ती फक्त ॲल्युमिनियमच्या लशींसाठी आहे. रेबीजच्या किंवा गोवराच्या लशीवर ती काहीच सांगत नाही. आणि दुकानात बॅचच्या दोन-चारच कुप्या असतील तर एक बळी देऊन बाकीच्या तपासण्यापेक्षा सगळ्याच बाद करणं सरळ पडतं.

बाद करणं महाग असतं, आणि शीतसाखळीतला माल अनेक वितरक परत घेत नाहीत. हा तोटा दुकानदाराच्या खिशातूनच जातो, आणि म्हणून किमान आकडा वहीत न लिहिण्याचा मोह होतो. पण गोठलेली टीटी टोचून घेणाऱ्याला त्या दिवशी काहीच कळत नाही. ताप येत नाही, हात दुखतो तेवढाच. तो तक्रार घेऊन दुकानात परत येत नाही. पुढे कधी जखमेतून धनुर्वात झाला, तरी कुणी तो एका पहाटेच्या फ्रिजशी जोडणार नाही. औषध जुनं निघालं तर लेबल सांगतं, रंग बदलला तर डोळा सांगतो. गोठलेल्या लशीबद्दल सांगणारा फक्त त्या वहीतला किमान आकडा असतो.

हा अंक हाती येईल तेव्हा पठारावर थंडी उतरायला सुरुवात झालेली असेल. चिटगुप्पा, हुमनाबाद, भालकी, औराद, चिंचोळी इथल्या अनेक मेडिकल दुकानांत फ्रिजची डायल अजून मे महिन्यातल्या आकड्यावर असेल. दिवाळीच्या साफसफाईत फ्रिज पुसताना ती एक आकडा मागे आणावी, थर्मामीटरचं बटण दाबून जुनी स्मृती पुसावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडण्याआधी किमान आकडा वाचावा. तो दोनच्या खाली असला, तर डायल पुन्हा अर्धा आकडा मागे. आणि टीटी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकानेही, न लाजता, एवढंच विचारावं: ‘अण्णा, काल रात्री किमान किती होतं?’ ज्या दुकानात या प्रश्नाचं उत्तर वहीत सापडतं, तिथली लस घ्यावी.